लांबी लांब पायाची, रुंदी रुंद पायाची

*ताई, नमस्कार. माझा उजवा पाय डाव्यापेक्षा मोठा आहे. पलंगावर बसून टेपनं मोजला तर उजवा 25.2 सेंटीमीटर आणि डावा 24.7 भरला. गेल्या महिन्यात सकाळी जाऊन लेसचे चामडी बूट घेतले, तेव्हा दोन्ही पायांना ठीक वाटले. माझं काम दिवसभर उभं राहण्याचं. संध्याकाळपर्यंत उजवा अंगठा पुढे टेकायला लागतो आणि नख दुखतं. पुढचा नंबर घालून पाहिला तर डावी टाच बाहेर निघते. विक्रेता म्हणतो, चामडं आहे, सैल होईल. मी कोणत्या पायाचं माप धरू? आणि माप संध्याकाळीच घ्यायचं असतं, हे खरं का? — एक वाचक*

नमस्कार. माप उजव्या पायाचं धरा आणि ते संध्याकाळी, उभं राहून घ्या. आज दुकानात जायचं असेल तर एवढ्यावर काम भागेल. पण तुमचा उजवा पाय नेमका कुठे मोठा आहे हे त्या दोन आकड्यांवरून मला कळत नाही, आणि डाव्या टाचेचं काय करायचं ते त्यावरच ठरणार आहे. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी विक्रेत्याच्या म्हणण्याबद्दल. चामडं सैल होतं हे खरं आहे, पण ते आडवं सैल होतं. चवड्यावर आणि पायाच्या पाठीवर ते हळूहळू ताणलं जातं आणि पायाचा आकार घेतं. लांबीला मात्र बूट वाढत नाही, कारण खाली तळ असतो, मागे टाचेचा कडक भाग असतो आणि पुढे बोटांवर आतून कडक अस्तर दिलेलं असतं. अंगठा पुढे टेकतोय याचा अर्थ बूट लांबीला कमी आहे, आणि तो सहा महिन्यांनीही तितकाच कमी असेल. तोपर्यंत नखाखाली रक्त साकळून नख काळं पडतं, किंवा त्याची कडा मांसात शिरायला लागते. हे बूट बदलून मिळत असतील तर बदलून घ्या. नख दुखायला लागल्यावर ‘सवय होईल’ म्हणून थांबू नका.

मोठ्या पायाचं माप धरायचं ते याचसाठी. बुटात जागा जास्त झाली तर ती आतून भरता येते, आणि त्याचे चार-पाच चांगले मार्ग आहेत. जागा कमी पडली तर लांबीच्या बाबतीत काहीच करता येत नाही. पुष्कळ जण दोन्ही पायांच्या मधला आकडा काढून नंबर घेतात. त्यात मोठ्या पायाला बूट चावतो आणि लहान पायाला सैल होतो, म्हणजे दोन्हीकडून तोटा.

आता ‘मोठा पाय’ म्हणजे काय ते पाहू. बूट बसवताना मी प्रत्येक पायाची तीन मापं घेते. पहिलं टाचेच्या मागच्या टोकापासून सर्वांत लांब बोटापर्यंत. हे लांब बोट अंगठाच असेल असं नाही. कित्येकांचं अंगठ्याशेजारचं बोट जास्त लांब असतं, कधी कधी फक्त एकाच पायाचं. दुसरं माप टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंत, म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला जे हाड उठून दिसतं तिथपर्यंत. तिसरं चवड्याचा घेर, त्याच हाडावरून टेप फिरवून करंगळीच्या मुळाशी असलेल्या हाडावरून परत आणलेला.

यातलं दुसरं माप घरी कोणीच घेत नाही, पण दोन पायांत फरक असेल तेव्हा खरी गोष्ट तेच सांगतं. प्रत्येक बूट एका ठरावीक जागी वाकतो आणि तुमचा पायही एका ठरावीक जागी वाकतो. या दोन जागा जुळल्या तर बूट पायाबरोबर चालतो. नाही जुळल्या तर वरच्या चामड्याला पडणारी घडी बोटांवर येते, कमानीचा आधार चुकीच्या जागी लागतो आणि टाच दर पावलाला वर ओढली जाते. मोठ्या दुकानांत पाय ठेवून मोजायची धातूची सरकपट्टी असते. चार्ल्स ब्रॅनॉक यांनी 1920च्या दशकात अमेरिकेत ती बनवली. तिच्यावर बोटांपर्यंतची लांबी, चवड्यापर्यंतची लांबी आणि रुंदी अशी तिन्ही मापं मिळतात, आणि दोन्ही टोकांना टाच ठेवायला खाचा असतात, एक डाव्या पायासाठी आणि एक उजव्यासाठी. दोन्ही पाय मोजले जावेत हे त्या पट्टीच्या रचनेतच आहे. तरी पुष्कळ ठिकाणी एकच पाय मोजून नंबर काढतात. तुम्ही दुसराही मोजायला सांगा, आणि उभं राहून.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, त्यांचं उदाहरण तुमच्याशी बरंच जुळतं. त्यांचंही काम उभ्याचं आणि उजवा पाय लांब. सकाळी बसून घेतलेलं माप त्या लिहूनच घेऊन आल्या होत्या: उजवा 252 मिलिमीटर, डावा 246. मी त्यांना संध्याकाळी परत बोलावलं आणि उभं करून मोजलं. उजवा 256 भरला, डावा 249. म्हणजे सहाचा फरक सात झाला, आणि लांब पाय त्यांच्या कागदावरच्या आकड्यापेक्षा चार मिलिमीटरनं मोठा निघाला. नुसत्या सकाळच्या आकड्यावर बूट घेतले असते तर बोटांपुढे मोकळ्या राखायच्या दहा-बारा मिलिमीटर जागेचा तिसरा हिस्सा तरी तिथेच गेला असता.

मग टाचेपासून चवड्यापर्यंत मोजलं. उजवा 185, डावा 183. इथे फरक फक्त दोनचा. सातपैकी उरलेले पाच मिलिमीटर सांध्याच्या पुढे, म्हणजे निव्वळ बोटांच्या लांबीत होते. ही त्यांच्यासाठी फार चांगली बातमी होती. उजव्या पायाच्या नंबरचा बूट डाव्या पायातही जवळजवळ बरोबर जागीच वाकणार होता. डाव्या बोटांपुढे रिकामी जागा जास्त राहणार, पण ती तिथे राहिली तरी काही बिघडत नाही. पायाला धरून ठेवण्याचं काम टाच आणि पायाची पाठ करते. बोटांना कोणी धरायचं नसतंच, त्यांना मोकळंच राहायचं असतं.

शेवटी चवड्याचा घेर घेतला. उजवा 232 मिलिमीटर, डावा 236. लांब पाय उजवा आणि रुंद पाय डावा! त्यांना स्वतःला याची कल्पना नव्हती. फक्त एवढं आठवत होतं की डाव्या करंगळीला दरवर्षी भोवरी होते. ‘लहान’ म्हणून ज्या पायाकडे दुर्लक्ष झालं होतं तोच आडवा दाबला जात होता. तेव्हा नंबर उजव्यावरून ठरवला आणि रुंदी डाव्यावरून.

युरोपियन नंबराचा अंदाज काढायला एक सोपा हिशेब आहे. पायाच्या लांबीत दीड सेंटीमीटर मिळवायचा आणि आलेल्या आकड्याला दीडनं गुणायचं. त्यांच्या उजव्या पायाचे 25.6 अधिक 1.5 म्हणजे 27.1, त्याची दीडपट 40.65, म्हणजे 41 नंबर. डाव्याचा याच हिशेबानं 39.6 येतो, म्हणजे 40. हा फक्त सुरुवातीचा आकडा आहे. प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा असतो, त्यामुळे बूट पायात घालून पाहण्याला पर्याय नाही. त्यांना 41 नंबरचा, चवड्याला रुंद बूट दिला. उजव्या पायाला त्या रुंदीत थोडं सैल वाटलं ते लेस आवळून भागलं.

डाव्या टाचेत मागच्या बाजूला आतून दोन मिलिमीटर जाडीची मऊ चिकटपट्टी लावली. ती टाचेला धरते आणि पाय तितकाच पुढे सरकवते. आता त्यांचा डावा सांधा उजव्यापेक्षा दोन मिलिमीटर मागे होता हे आठवा. पट्टीनं पाय दोन मिलिमीटर पुढे आला आणि दोन्ही पाय बुटात एकाच जागी वाकायला लागले. पुढे बोटांना जागा होतीच. इथे डाव्या पायाखाली जादा तळपट्टी घातली असती तर चूक झाली असती, कारण ती पायाला वर उचलते आणि मुळात रुंद असलेला चवडा वरच्या चामड्यावर दाबला गेला असता.

तुमच्या बाबतीत हे असंच निघेल असं नाही. तुमचा उजवा पाय सगळ्याच मापांत मोठा असू शकेल, आणि तसं सर्रास असतं. तेव्हा डाव्या बुटासाठी उपाय वेगळा लागेल, त्याकडे पुढे येते. आधी माप नीट घेऊ.

संध्याकाळचं म्हणणं खरं आहे, आणि त्यामागचं कारण कळलं की ते कधी पाळायचं आणि कधी नाही हेही कळतं. आपण उभे असतो तेव्हा पायातल्या रक्तवाहिन्यांवर वरच्या सगळ्या रक्ताचा भार येतो. त्या दाबानं बारीक वाहिन्यांतून थोडं पाणी आजूबाजूच्या मांसात झिरपतं. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि हे पाणी वर ढकललं जातं. नुसतं एका जागी उभं राहिलं किंवा पाय खाली सोडून बसलं की ते साचत जातं. रात्री आडवे झालो की ते परत फिरतं, म्हणून सकाळी उठल्यावर पाय सर्वांत लहान असतो. तुमचं काम उभ्याचं आहे, तेव्हा तुमच्या सकाळ-संध्याकाळच्या पायातला फरक सतत चालणाऱ्या माणसापेक्षा जास्तच असणार.

या सुजेचा मोठा भाग घेरात दिसतो. लांबीत फरक थोडाच पडतो. लांबीचा फरक मुख्यतः बसून मोजलं की उभं राहून, यावरून पडतो. अंगाचं वजन पडलं की कमान थोडी खाली बसते आणि पाय काही मिलिमीटरनं लांबतो. हे लांबणं दोन्ही पायांत सारखं असेलच असं नाही. ज्या पायाची कमान मऊ आहे तो जास्त लांबतो. तुमचे 25.2 आणि 24.7 हे आकडे बसून घेतलेले आहेत, म्हणून मी ते पक्के धरत नाही. उभ्यानं मोजल्यावर पाचचा फरक सात होईल किंवा तीनही होईल. हे दोन परिणाम वेगवेगळे आहेत हे लक्षात ठेवा, कारण नुसतं संध्याकाळी पण बसून मोजलं तर काम अर्धंच होतं.

संध्याकाळ म्हणजे तुमचा नेहमीचा कामाचा दिवस संपल्यानंतरची वेळ. सुटीच्या दिवशी दुपारभर लोळून मग मोजलं तर ती तुमच्या पायांची संध्याकाळ नव्हे. उलट बारा तासांच्या प्रवासातून उतरल्या उतरल्या किंवा डोंगर चढून आल्यावरही मोजू नका. तो पाय रोजचा नसतो, आणि त्यावर घेतलेला बूट एरवी ढिला पडतो. ज्यांना बूट फक्त पहाटे पळायला हवेत त्यांनी थोडं पळून आल्यावर मोजावं, कारण त्यांच्या पायांची ‘संध्याकाळ’ तेव्हा असते. बूट ज्या वेळी पायाला सर्वांत जास्त त्रास देऊ शकतो त्या वेळचा पाय मोजायचा, असं समजा. तुमच्यासाठी ती वेळ काम सुटण्याची आहे.

आता मोजायचं कसं. कडक फरशीवर, भिंतीला टेकवून कागद पसरा आणि चिकटपट्टीनं पक्का करा. गालिच्यावर किंवा सतरंजीवर नको, पाय रुततो. जे मोजे बुटात घालणार आहात तेच घाला. टाच भिंतीला टेकवून दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभे राहा आणि समोर बघा. खुणा दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. स्वतः वाकलात की वजन पुढे जातं, बोटं फरशीला आवळतात आणि टाच भिंतीपासून सुटते. पेन्सिल तिरकी धरली तरी दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. तुमच्या दोन पायांतला सगळा फरकच पाच मिलिमीटरचा आहे, तेव्हा ही चूक लहान नाही. म्हणून बोटांपुढे पेन्सिलीऐवजी एक जाड पुस्तक उभं सरकवत आणायला सांगा. ते सर्वांत लांब बोटाला हलकेच टेकलं की त्याच्या खालच्या कडेला रेघ मारायची. मग कागद काढून भिंतीकडच्या कडेपासून रेघेपर्यंत स्टीलच्या पट्टीनं मोजायचं. पट्टीचा शून्य अगदी टोकाला आहे की थोडा आत, तेवढं पाहा. शिवणकामाची टेप लांबी मोजायला वापरू नका. जुनी झाली की ती ताणली जाते. घेरासाठी मात्र तीच हवी, आणि ती पायाला लागेल इतकीच ओढायची, आवळायची नाही.

चवड्याच्या सांध्याची खूण करायला आतल्या बाजूचं हाड बोटानं चाचपा. अंगठा वर-खाली हलवला की ते कुठे वाकतं हे लगेच कळतं. त्या हाडाच्या सर्वांत बाहेर आलेल्या जागेसमोर कागदावर बिंदू काढा. डाव्या पायाचंही हे सगळं करा, आणि दोन-तीन वेगवेगळ्या संध्याकाळी करा. तिन्ही वेळा आकडे एक-दोन मिलिमीटरच्या आत आले तर ते विश्वासाचे. पाच-सहाचा घोळ दिसला तर मोजण्यात काहीतरी चुकतंय. बहुतेक वेळा टाच भिंतीला लागलेली नसते.

आता नंबराचा हिशेब. युरोपियन पद्धतीत एक नंबर म्हणजे 6.67 मिलिमीटर, आणि ब्रिटिश पद्धतीत एक नंबर म्हणजे सुमारे 8.5 मिलिमीटर. तुमचा फरक उभ्यानं मोजून पाच-सातच्या आसपासच राहिला, तर तो जास्तीत जास्त एका नंबराएवढा आहे, आणि एवढ्या फरकात एकच जोड नीट बसवता येतो. फरक दहा-बारा मिलिमीटरपर्यंत जात असेल तर एका जोडाला भरणी करत बसणं मी सुचवत नाही. तेव्हा दोन नंबरांचे दोन जोड घ्यायचे किंवा मापाप्रमाणे बूट बनवून घ्यायचे. खर्च वाढतो हे मला माहीत आहे, पण इतक्या फरकात लहान पायाची टाच कधीच बसत नाही.

दुकानात गेल्यावर दोन्ही पायांत बूट घाला. एकच घालून ‘बरा वाटतो’ म्हणू नका. बुटातली तळपट्टी सुटी निघत असेल तर आधी ती काढून फरशीवर ठेवा आणि तिच्यावर उभे राहा. टाच मागच्या कडेला बरोबर बसवली की उजव्या पायाच्या सर्वांत लांब बोटापुढे दहा ते बारा मिलिमीटर पट्टी दिसायला हवी, हाताच्या बोटाच्या रुंदीपेक्षा किंचित कमी. चालताना पाय बुटात पुढे सरकतो आणि वाकताना लांबतो, ही जागा त्यासाठी लागते. डाव्या पायापुढे पंधरा-सतरा दिसतील. ते बघून दचकू नका. त्याऐवजी चवडा पट्टीच्या कडेबाहेर जातोय का ते पाहा, दोन्ही पायांचा. जात असेल तर नंबर कितीही बरोबर असला तरी तो बूट तुमच्यासाठी अरुंद आहे.

मग बूट घालून, टाच फरशीवर दोनदा आपटून पाय मागे बसवा आणि नंतरच लेस बांधा. बरेच जण पाय पुढे असतानाच लेस बांधतात आणि मग टाच निघते म्हणून लहान नंबर घेतात. जिना किंवा उतार असेल तर उतरून पाहा. उतारावर उजवा अंगठा पुढे टेकला तर तो बूट ठेवून द्या.

आता डावी टाच. नवीन कडक चामड्यात टाच थोडी उचलली जाणं स्वाभाविक आहे. तळ वाकायला लागला की ते कमी होतं. साधारण अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त उचलली जात असेल, किंवा घासल्यासारखी वाटत असेल, तर उपाय करायचा. आधी लेस बघा. वरच्या शेवटच्या दोन भोकांपैकी एकातून बाहेर आलेली लेस त्याच बाजूच्या दुसऱ्या भोकात आत घाला, म्हणजे एक छोटा फासा तयार होतो. दोन्ही बाजूंना तसं करून समोरच्या बाजूची लेस त्या फाशातून ओढून बांधा. यानं घोट्याजवळची पकड चांगली आवळते आणि चवडा मोकळा राहतो. हे फक्त डाव्या बुटाला करायचं. दोन्ही बुटांची लेस सारखी असायला हवी असा काही नियम नाही. मला भेटलेल्या निम्म्याहून जास्त माणसांचं काम एवढ्यावरच झालं आहे.

तेवढ्यानं भागलं नाही तर बुटाच्या जिभेला आतून चिकटवायची मऊ गादी मिळते. माझी पहिली पसंती तिला आहे, कारण ती पायाला वरून दाबून मागे टाचेत बसवते. टाचेमागची पट्टी याच्या उलट पाय पुढे ढकलते. त्या बाईंना तेच हवं होतं म्हणून ती लावली. तुमची चवड्यापर्यंतची दोन्ही मापं सारखी निघाली तर पट्टीनं सांधा वाकायच्या जागेच्या पुढे जाईल. म्हणजे गादी की पट्टी, हे दुसऱ्या मापावरून ठरवायचं. डावा सांधा मागे असेल तर पट्टी, सारखा असेल तर गादी.

डावा पाय घेरानंही लहान असेल, आणि तसंच असेल तरच, त्या बुटात पूर्ण लांबीची पातळ तळपट्टी घाला. दोन, फार तर तीन मिलिमीटर. त्याहून जाड घातली की टाच बुटाच्या मागच्या कडक भागातून वर येते, जास्तच निसटते आणि बुटाची कड घोट्याच्या हाडाला घासते. शिवाय एकच पाय उचलला जाऊन कमरेवर ताण येऊ शकतो, आणि दिवसभर उभं राहणाऱ्याला तो जास्त जाणवतो. बुटाच्या टोकात कापूस कोंबण्याचा उपाय मात्र करू नका. पाय निसटतो टाचेकडून. पुढचा कापूस टाचेला धरत नाही, फक्त बोटांची मोकळी जागा खातो.

न बांधता पाय सरकवून घालायचे बूट तुमच्यासाठी नाहीत, असं मी स्पष्टच सांगते. त्यांत प्रत्येक पायाला वेगळं आवळता येत नाही. संध्याकाळच्या उजव्या पायाला बरोबर बसणारा तसला बूट सकाळच्या डाव्या पायातून निघणारच. सँडल घ्यायची तर प्रत्येक पट्ट्याला बक्कल असलेली घ्या.

नवे बूट घरी आणल्यावर पहिल्या दोन-तीन संध्याकाळी स्वच्छ फरशीवर अर्धा-पाऊण तास घाला आणि मग मोजे काढून पाय उजेडात बघा. हलकी लाली थोड्या वेळात जाते. अर्ध्या तासानंतरही तशीच राहिलेली लाल खूण म्हणजे बूट तिथे दाबतोय. उजव्या पायाची बोटांची टोकं आणि डाव्या पायाची करंगळी व टाच एवढ्या जागा मुद्दाम तपासा. तळ मळलेला नसला तर बूट बदलून मिळण्याची शक्यताही राहते. मधुमेह असलेल्यांनी ही तपासणी डोळ्यांनीच करावी, नुसत्या जाणिवेवर राहू नये, कारण पायाची संवेदना कमी झालेली असेल तर चावणारा बूटही बरा वाटतो.

एक गोष्ट तुमच्या पत्रातून कळली नाही. हा फरक पूर्वीपासूनचा आहे की अलीकडे वाढला? लहानपणापासून असेल तर वर लिहिलंय तेवढं पुरे. पण पूर्वी सारखेच बसणारे बूट या वर्ष-दोन वर्षांत फक्त उजव्या पायाला लहान व्हायला लागले असतील, तर त्या पायाची कमान खचत असेल. भिंतीला हात टेकवून एका पायावर उभे राहा आणि टाच उचलून चवड्यावर या. डाव्यावर जमतं आणि उजव्यावर जमत नाही, किंवा आतल्या घोट्यामागे दुखतं, असं झालं तर बूट घेण्याआधी हाडांच्या डॉक्टरांना पाय दाखवा. आणि कधी एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखायला लागली, गरम लागली, तर मापाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याची शक्यता असते.

तोपर्यंत काम सुटलेल्या तीन संध्याकाळींची मापं घ्या, प्रत्येक पायाची तिन्ही. ती मला पाठवलीत तर डाव्या बुटाला गादी लागेल की पट्टी, ते नक्की सांगते.